चतुराबाईंची शीळ आणि राजानंदचे कान

वाटूर फाट्याच्या आसपास राजानंद खरातचे कान प्रसिद्ध होते. पंचवीस वर्षं त्यानं मंडपातलं साउंड सांभाळलं. लग्नं, जयंत्या, कीर्तनं, प्रचारसभा, काही सोडलं नाही. मैदानाच्या चार कोपऱ्यांत चार भोंगे लावलेले असले, तर मध्ये उभा राहून तो सांगायचा, की शाळेच्या बाजूच्या भोंग्याचा पडदा फाटलाय. माणूस शिडीवर चढायचा, बघायचा, आणि खाली उतरून नुसती मान हलवायचा. अशा माणसाला म्हातारपणी कानांनीच दगा दिला तर तो काय करेल? लपवेल. राजानंदनं तेच केलं.

वर्षभर तो लपवत होता, आणि लपवण्यात तो पटाईत झाला होता. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, चहाच्या टपरीवर भिंतीला पाठ लावून बसायचं, बायको आतून काही बोलली की "हं, येतो" म्हणायचं. बायको कधी म्हणायची, "मी काय म्हणले ते तरी सांगा." मग भांडण व्हायचं आणि मूळ गोष्ट राहून जायची. राजानंदला ते बरंच वाटायचं. शिवाय त्याला ऐकू तर येतच होतं. ट्रॅक्टर ऐकू यायचा, दाराची कडी ऐकू यायची, माणसाचा आवाजही यायचा. फक्त शब्दांच्या कडा बोथट झाल्या होत्या, सगळं जग गोधडीखालून बोलत असल्यासारखं. यात कानांचा दोष असेल, हे मान्य करायला त्याचं मन तयार नव्हतं. हल्ली माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं मत पडलं होतं.

सहा वर्षांपूर्वी परतूरच्या रस्त्याला एका संस्थेनं छोटं रेडिओ केंद्र काढलं. माळरान रेडिओ. दोन खोल्या, गच्चीवर खांब, आणि दहा-बारा किलोमीटरच्या गावांत पोचेल एवढीच ताकद. भोंग्यांची कामं तोवर डीजेवाल्यांनी खाल्ली होती. संस्थेनं राजानंदला बोलावलं, संगणकासमोर बसवलं, आणि रेकॉर्ड केलेली भाषणं, मुलाखती प्रसारणासाठी तयार करण्याचं काम दिलं. तो शिकला. त्रेपन्नाव्या वर्षी उंदीर हातात धरून शिकला, याचा त्याला कोण अभिमान! घरात भिंतीवर दोनच फोटो होते. एक बाबासाहेबांचा, आणि दुसरा हेडफोन लावून खुर्चीत बसलेल्या राजानंदचा.

ती खुर्ची आता हलायला लागली होती.

गेल्या तीन आठवड्यांत केंद्रावर तक्रारी आल्या होत्या. बोलण्याचे कार्यक्रम कानाला टोचतात, म्हणे. संस्थेचे सचिव श्रेणिकशेठ यांचं वाटूरला बियाण्याचं दुकान. दुकानात दिवसभर रेडिओ चालू. ते स्वतः येऊन बोलले होते, "राजानंदभाऊ, आपला रेडिओ आजकाल कानात सुई घालतो. गिऱ्हाईक म्हणतं, बंद करा." शेठ तसे मऊ बोलणारे, पण जाता जाता म्हणाले, की एका कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं, भाषण आत टाकलं की आपोआप तयार होऊन बाहेर येतं, माणूस लागत नाही. "मंगळवारी चतुराबाईंचं भाषण आहे ना? ते मी इथंच बसून ऐकतो. मंग काय ते ठरवू."

आणि आज मंगळवार होता. सकाळचे साडेआठ. भाषण अकराला.

चतुराबाई म्हणजे पलीकडच्या वस्तीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई. बाहत्तरच्या दुष्काळात त्या रोजगाराच्या कामावर, तिथं वाटली जाणारी सुकडी खाऊन, खडी फोडायला होत्या. आज ज्या सडकेवरून गाड्या धावतात तिच्या खाली आपली खडी आहे, हे त्या समाजमंदिरातल्या कार्यक्रमात उभं राहून सांगत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच माईक हातात आला होता. भाषण सात मिनिटांचं. शेवटी त्यांनी आपल्याबरोबर खडी फोडणाऱ्या बायांची नावं घेतली होती, एकेक करून. त्यातली एकही आता जिवंत नव्हती. केंद्रावर कार्यक्रमांचं काम बघणाऱ्या आकांक्षानं ते रेकॉर्ड करून आणलं, आणि बाईंनी तिला दोनदा बजावलं होतं, "माय, बाकी काई कापा, नावं कापू नका."

राजानंदनं हेडफोन चढवला आणि कामाला लागला. पहिलं काम त्यानं नेहमीसारखंच केलं. मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. मंडपाच्या काळात एका पुढाऱ्याच्या भाषणाची कॅसेट त्याच्या हातून पुसली गेली होती, त्याचा चटका अजून होता. मग त्यानं इक्वलायझर उघडला, म्हणजे आवाजातलं जाड आणि बारीक वेगवेगळं कमी-जास्त करण्याची सोय. खालचा घुमघुमाट त्यानं नव्वद हर्ट्झच्या खाली कापून टाकला; आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. पंख्याची जाड घरघर बरीच कमी झाली, टेबलाचे ठोके गेले. इथपर्यंत काम सोन्यासारखं झालं.

पण बाईंचा आवाज त्याला मळकट वाटत होता. सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली. त्यानं बारीक आवाजाची बाजू उचलली. थोडी उचलली, काही फरक पडेना. आणखी उचलली. मंडपात त्याचा एक नियम होता, मैदानाच्या पार शेवटी बसलेल्या बाईला शब्द कळला पाहिजे, त्यासाठी ट्रेबल बिनधास्त चढवायचा. त्यानं सहा हजारांच्या आसपासची पट्टी आठ डेसिबलनं वर नेली, तेव्हा कुठे त्याला अक्षर सुटं झाल्यासारखं वाटलं. मग कॉम्प्रेसर लावला. तो चढलेला आवाज दाबतो. दाबून झालं की सगळंच थोडं वर उचलायचं, म्हणजे हळू बोललेलंही पोचतं. आणि सगळ्यात शेवटी लिमिटर. लिमिटर म्हणजे छत. उणे एक डेसिबलच्या वर आवाजाला जाऊच द्यायचं नाही.

"झालं," तो म्हणाला. "ऐक आता."

आकांक्षानं हेडफोन लावला. पोरगी सत्तावीस वर्षांची, संभाजीनगरला शिकून आलेली, पण मशीनवरची अर्धी अक्कल राजानंदकडूनच घेतलेली. पहिल्याच वाक्याला तिचे डोळे बारीक झाले. दुसऱ्याला तिनं एक कान मोकळा केला. तिसऱ्याला हेडफोन काढूनच ठेवला.

"काका, टोचून राह्यलंय."

"काय टोचतंय?"

"स. प्रत्येक स. आन् त्याच्यानंतरचं अक्षर बुडून जातंय. सोनाबाईचं नुसतं 'स' ऐकू येतं, पुढचं खाली जातं. नावं जाऊन राह्यली काका."

"तुझा हेडफोन गेलाय."

"तोच तर तुम्ही घातल्ता."

"पोरी," राजानंद उठूनच उभा राहिला, "तू जन्मायच्या आधी मी चार हजार माणसांना भाषण ऐकवलंय. मला शिकवू नको. आवाज मोकळा झाला की तुम्हाला टोचतो. तुम्हाला सवयच मोबाइलच्या पिचपिच्या आवाजाची!"

आकांक्षा बाहेरच्या खोलीत गेली, अकराच्या निवेदनाचा कागद घेऊन बसली, पण तिचं लक्ष कागदावर नव्हतं. राजानंदचंही मन ठिकाणावर नव्हतं. काकांशी ती कधी खोटं बोलली नव्हती. नऊ वाजून गेले होते.

त्यानं फाईल पुन्हा लावली आणि या वेळी ऐकण्याऐवजी बघितलं. लिमिटरच्या खिडकीत एक लाल दिवा होता. आवाज छताला आपटला की तो लागायचा आणि पुढचा क्षणभर सगळा आवाज खाली दाबलेला राहायचा. एरवी भाषणात तो कुठेतरी एखादा लागतो. आज तो लुकलुकत होता. बाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी सडकंवर जायचं", दिवा तीनदा. "सुकडी भेटायची", दिवा एकदा. "सासू म्हणली", दिवा पटापट दोनदा. "दगड फोडून हात फुटले", दिवा गप्प.

दिवा अक्षर ओळखत होता. प्रत्येक 'स'ला तिथे काहीतरी मोठं, टोकदार येऊन छताला धडकत होतं, म्हणूनच पुढचं अक्षर दबत होतं. आणि हे मोठं, टोकदार जे काही होतं ते राजानंदला ऐकूच येत नव्हतं.

नाही, म्हणजे हेडफोनच खराब. त्याला दुसरं काही सुचेना, सुचू द्यायचंच नव्हतं. खात्री करायची एक सोय त्याला माहीत होती. संगणकातून नुसता एकसुरी आवाज काढता येतो, हवा तेवढा जाड किंवा बारीक. त्यानं एक हजारचा आवाज लावला. कुकरच्या शिट्टीपेक्षा जरा खालचा, स्वच्छ. दोन हजार. स्वच्छ. तीन हजार. बारीक, पण ठीक. चार हजारला आवाज लांब गेला, शेताच्या पलीकडून आल्यासारखा. पाच हजार.

काहीच नाही.

त्यानं पडद्यावर बघितलं. आवाजाची पट्टी पूर्ण भरलेली होती. मशीन आवाज काढत होतं आणि त्याच्या कानात दुपारच्या शिवारासारखी शांतता होती. हेडफोनच गेला, तो मोठ्यानं म्हणाला, आणि वायर उपटून टेबलावरचे मोठे स्पीकर चालू केले. काहीच नाही. बटण फिरवलं. काहीच नाही. आणखी फिरवलं. बटण शेवटपर्यंत गेलं.

दार धाडकन उघडलं. आकांक्षा दोन्ही कान दाबून आत आली, तोंड वेडंवाकडं झालेलं.

"काका! काय वाजवून राह्यले? बंद करा, कान फुटून राह्यले!"

राजानंद तिच्याकडे बघत राहिला. तिचे हात कानावर, डोळ्यांत पाणी, आणि खोलीत त्याच्यासाठी पंख्याशिवाय कसलाही आवाज नाही. तिनंच धावत येऊन बटण खाली आणलं. मग तिनं पडद्यावरचा पाच हजारचा आकडा बघितला, त्याचं तोंड बघितलं, आणि तिला सगळं कळलं. त्याला कळलं की तिला कळलं. माणसाला उघडं पडल्यासारखं वाटतं म्हणतात ते काय, हे राजानंदला त्या सकाळी समजलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मला वाटलं, लोकच नीट बोलत न्हाईत," तो म्हणाला, आणि खाली बसला. "पंचवीस वर्षं भोंग्याखाली उभा राह्यलो. जाणारच की." मग एकदम घाईघाईनं, लहान तोंड करून, "शेठला सांगू नको. त्यांना कळलं तर ते सॉफ्टवेअर आणतील. या खुर्चीशिवाय मी काय आहे? घरी बसून काय ऐकू?"

आकांक्षाला त्याचा राग आला होता आणि दयाही. तीन आठवडे लोकांच्या शिव्या तिनं फोनवर झेलल्या होत्या. "ते मंग बघू," ती म्हणाली. "दहाला वीस कमी आहेत काका. अकराला भाषण आहे आन् नावं सगळी बुडालीत. आपण आधी ते करू."

मूळ प्रत जागेवर होती, म्हणून निभावलं. राजानंदनं आपलं सगळं काम पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, आता खुर्च्या दोन आणि हेडफोन दोन. खालची घरघर कापली. समाजमंदिराच्या पत्र्याचं घुमणं तीनशेच्या आसपास होतं, ते त्यानं थोडं उतरवलं. ते त्याला अजून छान ऐकू येत होतं. मग बारीक आवाजाची बाजू आली आणि तो थांबला. हात उंदरावर, पण डोळे आकांक्षाकडे.

"बाईच्या तोंडातच शीळ आहे काका," ती म्हणाली. "नवीन कवळी बसवलीय ना त्यांनी. स म्हणल्या की शीळ वाजते. मला तर तिथं समोर बी ऐकू येत होती. तुम्ही तीच आठ डेसिबलनं चढवली."

राजानंदला स्वतःचीच कीव आली. तो म्हणाला, "मी एक अरुंद पट्टी वर उचलून हळूहळू सरकवतो. शीळ जिथं जास्तीत जास्त टोचंल तिथं बोट वर कर."

चार हजारपासून त्यानं पट्टी सरकवायला सुरुवात केली. बाईंचं एकच वाक्य फिरून फिरून वाजत होतं, सकाळी सकाळी सडकंवर जायचं. साडेचार, पाच. आकांक्षाचं बोट टेबलावर. पाच हजार दोनशेला बोट जरा हललं. साडेपाचला एकदम वर गेलं, तिनं मान मागे घेतली. त्यानं पुढे नेलं, बोट खाली. मागे आणलं, बोट वर. साडेपाच हजार. त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं, पण जागा सापडली होती.

तिथे त्यानं उचललेली पट्टी काढून टाकली आणि फक्त त्याच जागेला दाबणारा डी-एसर लावला. तो एरवी गप्प बसतो, शीळ आली की तेवढ्यापुरतीच ती खाली आणतो, बाकीच्या आवाजाला हात लावत नाही. "जास्त दाबू नका," आकांक्षा म्हणाली, "बाई बोबडी वाटून राह्यलीय." त्यानं कमी केलं. "अजून थोडं कमी. हां. बराबर."

"हे किती महत्त्वाचं आहे म्हाइत आहे का," राजानंद बोलला, बोलण्यानं हात स्थिर राहतो म्हणून. "आपला ट्रान्समीटर बारीक आवाज मुद्दाम वाढवून पाठवतो, समोरचा रेडिओ तो परत खाली आणतो. खरखर कमी यावी म्हणून तशी सोय आहे. म्हणजे इथंच स मोठा असला तर वर जाऊन अजून मोठा होतो आन् ट्रान्समीटरमधलं लिमिटर त्याला मारतं. इथल्यापेक्षा लोकांच्या घरात जास्त खराब वाजत होतं आपलं." हे त्यानं दोन वर्षांपूर्वीच तिला शिकवलं होतं. आज तो ते स्वतःला ऐकवत होता.

दहा पंचवीस. कॉम्प्रेसर तिनं लावायला घेतला, कारण त्याचे हात घामेजले होते. नावं घेताना बाईंचा आवाज अगदी खाली गेला होता, ती नावं वर यायला हवीत म्हणून तिनं जोरात दाबलं आणि जोरात उचललं. नावं आली. तिला हायसं वाटलं.

"थांब," राजानंद म्हणाला. "पंखा ऐक."

"कुठला पंखा?"

"समाजमंदिरातला. बाई बोलते तोवर गप्प असतो. बाई थांबली की वर येतो. एकेका नावानंतर ती दम घेते ना, तिथं पंखा फुगतो. हळू आवाज उचलला म्हणजे पंखा बी उचलला जातो, तो काय बाईचा कोण लागतो का!"

आकांक्षानं पुन्हा ऐकलं. खरंच. प्रत्येक नावानंतर घर्र करून पंखा पुढे सरकत होता, श्वास घेतल्यासारखा. तिनं तो ऐकलाच नव्हता, तिचं सगळं लक्ष शिळेवर होतं. राजानंदनं दाबण्याचं प्रमाण तीनास एकवर आणलं, आवाज जेमतेम पाच डेसिबल दबेल एवढंच ठेवलं, आणि नावांचा तुकडा वेगळा करून हातानं थोडा उचलला. सोनाबाई, सखूबाई, सारजाबाई, भिवाची माय. आता नावं पंख्याच्या पुढे आली. शेवटी लिमिटरचं छत ठेवलं. दिवा सात मिनिटांत चारदा लागला, तोही बाई हसल्या तिथे.

दहा त्रेपन्नला फाईल तयार झाली. दहा पंचावन्नला श्रेणिकशेठ आले, हातात दुकानातला जुना रेडिओ घेऊन. "संगणकावर न्हाई ऐकणार," ते म्हणाले, "लोकं ज्याच्यावर ऐकतात त्याच्यावरच ऐकतो." रेडिओ टेबलावर ठेवून ते हात बांधून बसले.

अकराला आकांक्षानं निवेदन केलं आणि भाषण सोडलं. राजानंद बाहेरच्या खोलीत शेठच्या समोर उभा होता. रेडिओतून बाई बोलायला लागल्या. त्याला त्या ऐकू येत होत्या, तशाच बोथट, पण बऱ्या आहेत की वाईट हे त्याला कळायला मार्ग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो आपलं काम ऐकत नव्हता, ऐकणाऱ्या माणसाचं तोंड बघत होता. पहिल्या 'स'ला शेठच्या कपाळावर आठी पडते का? नाही पडली. सुकडीला? नाही. सासूवर शेठ हसले. मग नावं आली. सोनाबाई. सखूबाई. शेठ रेडिओकडे झुकले. सारजाबाई म्हटल्यावर त्यांनी मान वर केली, "ही आमच्या दुकानात शेंगा निवडायला होती. लहानपणी मला गूळ द्यायची." आणि रेडिओचा आवाज त्यांनी जरा वाढवला.

भाषण संपलं. शेठनी रेडिओ बंद केला. "बिलकुल बराबर. सुई न्हाई, काई न्हाई. शब्दन् शब्द कळला. राजानंदभाऊ, उगीच मी त्या सॉफ्टवेअरच्या मागं लागल्तो. तुमच्या कानाला तोड न्हाई."

आकांक्षा स्टुडिओच्या दारात उभी होती. तिनं राजानंदकडे बघितलं आणि नजर खाली घातली. ती सांगणार नव्हती. आता त्यानं नुसतं "होय शेठ" म्हटलं असतं तरी भागलं असतं. जीभ तिथवर आलीही होती.

तेवढ्यात केंद्राचा फोन वाजला. आकांक्षानं स्पीकरवर घेतला. चतुराबाई.

"ऐकलं गं माय, सगळ्या वस्तीनं ऐकलं. नावं आली. सारजाचा नातू रडला." मग आवाज जरा खट्याळ झाला. "पण माझी शीळ कुठं गेली? घरातली सगळी मला हसतेत, आजी बोलली की शीळ वाजते म्हणून. रेडिओत वाजलीच न्हाई! कोण केलं हे?"

शेठ हसून म्हणाले, "हे आपले राजानंदभाऊ. यांचे कान लई तेज आहेत आत्या."

राजानंद फोनजवळ गेला. लाज वाटत होती, आणि शेजारी शेठ बसलेले होते. पण ज्या बाईनं मेलेल्या बायांची नावं बुडू नयेत म्हणून दोनदा बजावलं, तिला खोटं सांगवेना.

"आत्या, मी न्हाई केलं," तो म्हणाला. "मला तुमची शीळ ऐकूच आली न्हाई. बारीक आवाज मला आता ऐकूच येत न्हाई. सकाळी मी तुमची सगळी नावं बुडवल्ती. या पोरीनं ऐकून बोट दाखवलं, तिथं मी हात चालवला. गेल्या तीन आठवड्यांची सुई बी माझीच होती शेठ."

शेठचं हसू तिथंच राहिलं. फोनमध्ये मात्र बाई मोकळ्या आवाजात हसल्या.

"अरे लेकरा, मंग त्यात काय! माझे दात गेले, मी कवळी बसवली. तू कानाला बसव. मला भर सभेत शीळ वाजवायला लाज न्हाई वाटली, तुला कसली वाटून राह्यली?"

राजानंद हसला, आणि हसता हसता त्याला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. लपवण्याचा त्याला वर्षभराचा कंटाळा आला होता.

आकांक्षानं शेठना सकाळचं सगळं सांगितलं, दोन खुर्च्यांवर बसून केलेलं काम आणि समाजमंदिरातला फुगलेला पंखा काकांनी कसा पकडला तेही. शेठ उठताना म्हणाले, "सॉफ्टवेअरला पंखा फुगलेला कळतो का गं आकांक्षा?" ती म्हणाली, "न्हाई शेठ, ते काकांनाच कळलं." शेठ म्हणाले, "मंग खुर्च्या दोनच राहू द्या," आणि रेडिओ काखेत मारून दुकानाकडे गेले.

पुढच्या महिन्यात राजानंद जालन्याहून दोन्ही कानांत मशीन बसवून आला. केंद्रावर आल्या आल्या त्यानं कुणाशी न बोलता तो वेगळा फोल्डर उघडला आणि चतुराबाईंचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, काहीही न कापलेलं. बाई म्हणाल्या, सकाळी सकाळी सडकंवर जायचं. तीन बारीक शिट्ट्या वाजल्या, एकापाठोपाठ एक. राजानंदनं ते वाक्य पुन्हा लावलं. आकांक्षा चहा घेऊन आली तेव्हा तो ते नवव्यांदा ऐकत होता, आणि प्रत्येक शिळेला टेबलावरचं एक बोट वर करत होता.